प्रोब क्वालिफाय झाला, आकडा सुंदर आला, तरी जॉब चुकतोय?

सीएमएम म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन. त्यावर जॉब चढवण्याआधी व्यास माहीत असलेल्या मास्टर बॉलला शिवून टिपचा व्यास आणि जागा ठरवायची, म्हणजे प्रोब क्वालिफाय करायचा, हे रोजचं काम. पाच-सात मिनिटांत होतं, म्हणून त्याकडे कुणी फारसं बघत नाही. पण मोजमापाचा घोळ झाला की दहातल्या सहा वेळा उगम तिथेच निघतो. निदान माझा तरी अनुभव असाच आहे. गेली काही वर्षं मी हा एकच आजार पुन्हा पुन्हा निस्तरतोय, त्यामुळे कोणत्या क्रमाने तपासायचं ते एकदा लिहून ठेवतो. पुढचं सगळं स्पर्श झाला की सिग्नल देणाऱ्या साध्या टच-ट्रिगर प्रोबबद्दल आहे. स्कॅनिंग प्रोबचं गणित थोडं वेगळं असतं.

आधी लक्षणं बघा

हा आजार चार रूपांत येतो, आणि कोणतं रूप आहे त्यावर कुठे बघायचं हे ठरतं.

पहिलं रूप उघड असतं: क्वालिफाय करतानाच स्टँडर्ड डेव्हिएशन मोठं येतं. रोज ०.००१ मि.मी.च्या आसपास असणारा आकडा अचानक ०.००६ होतो.

दुसरं: आकडा चांगला येतो, पण तोच प्रोग्रॅम लागोपाठ तीनदा चालवला तर टिपचा व्यास तीन वेळा तीन वेगळे येतात.

तिसरं: सगळं शांत दिसतं, पण बोअर लहान आणि शाफ्ट मोठा मोजला जातो. दोन्हीकडचा फरक जवळजवळ सारखाच.

चौथं सगळ्यात फसवं. व्यास बरोबर येतात, पण प्रोब धरणारं हेड वेगवेगळ्या अँगलला वळवून, वेगवेगळ्या टिपनी मोजलेल्या दोन गोष्टींमधलं नातं चुकतं. समोरासमोरचे बोअर एका रेषेत नाहीत असं मशीन सांगतं, आणि मशीन शॉपवाला म्हणतो, "साहेब, फिक्स्चरला हातसुद्धा लावलेला नाही."

तिसऱ्या आणि चौथ्या रूपात स्टँडर्ड डेव्हिएशन अगदी छान असतं, हे आधी मनात पक्कं करा. तो आकडा एवढंच सांगतो की या टिपला बॉल गोल दिसला. टिपचा व्यास बरोबर निघाला का, आणि ही टिप बाकीच्या टिपांच्या तुलनेत नेमकी कुठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात. आमच्याकडे हिरवा आकडा बघून जॉब लावायची सवय आहे, आणि ती मोडायला मला बराच वेळ लागला.

फुकटचं काम: पुसणं

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या. मास्टर बॉल पुसा, स्टायलसच्या टोकाची रुबीची गोळी पुसा, कोरडं होऊ द्या. कॉटन वेस्ट नको, त्याचा एक तंतू रुबीला चिकटला तरी काही मायक्रॉनचा खेळ होतो. अॅल्युमिनियमचे जॉब मोजत असाल तर रुबी भिंगाखाली बघा. राखाडी डाग दिसला तर तो धातूचा लेप असतो. नुसत्या पुसण्याने तो नेहमी निघत नाही. तसं असेल तर स्टायलस बदलायचा.

पुसण्याआधी एक गोष्ट करून ठेवा, नंतर पुरावा उरत नाही. क्वालिफिकेशनचे बिंदू एकेक करून बघा. एकच बिंदू वेगळा पडला असेल आणि बाकीचे नीट असतील तर घाण असण्याची शक्यता मोठी. आता ती बॉलवर की टिपवर? दुसऱ्या टिपने बॉलची तीच जागा शिवा. तिथेही तोच बिंदू उठला तर दोष बॉलवर आहे, नाहीतर पहिल्या टिपवर.

इथे बिंदूंच्या संख्येबद्दल सांगायला हवं. गोलाची ओळख पटवायला चार गोष्टी लागतात: केंद्राचे तीन आकडे आणि एक त्रिज्या. म्हणून चार बिंदू घेतले की गोल नेहमी तंतोतंत बसतो, फरक शून्य, मग रुबीवर चिखल का असेना. पाच बिंदूंतही चूक लपायला भरपूर जागा राहते. घाई असते म्हणून लोक पाचवर उरकतात आणि सुंदर आकडा बघून खूश होतात. मी नेहमीच्या कामाला १३ घेतो आणि शंका आली की २५. सीएमएमच्या प्रोबिंग चाचणीसाठी आयएसओ १०३६०-५ मध्येही गोलावर २५ बिंदूच घेतात. बिंदू बॉलच्या विषुववृत्तापासून टोकापर्यंत पसरलेले हवेत, सगळे वरच्या टोपीत गोळा करून उपयोग नाही. तिथून व्यास नीट निघत नाही.

नंतर स्क्रू

आकडा प्रत्येक फेरीत बदलत असेल तर काहीतरी सैल आहे. स्टायलस, एक्स्टेन्शन, स्टायलस धरणारं मॉड्यूल, मास्टर बॉलचा दांडा आणि त्या दांड्याचा बेस, अशी ही साखळी आहे. मी खालून सुरुवात करतो, कारण बेसकडे कुणाचंच लक्ष जात नाही. बॉल बोटाने हलकाच ढकलून बघा. जाणवेल इतकं हलत असेल तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही.

स्टायलस आवळताना सोबत आलेला पिन स्पॅनरच वापरा. मॉड्यूल चुंबकाने बसणारं असेल तर ते काढून हातात घ्या आणि मग आवळा. प्रोबवर लावलेलं असताना पिळलं तर सगळा जोर आतल्या नाजूक बैठकीवर येतो. एम२ चा आटा बारीक असतो, दोन बोटांचा जोर पुरतो. पक्कड घेऊन आवळणाऱ्या एका पठ्ठ्याने आमचं चांगलं मॉड्यूल निकामी केलं होतं. मॉड्यूल परत बसवण्याआधी त्याची आणि प्रोबची समोरासमोरची तोंडं पुसून घ्या. तिथे बसलेला कचरा स्टायलसच्या टोकाशी कितीतरी पट मोठा होऊन दिसतो.

आता स्क्रीन: बॉलचा व्यास

बोअर लहान आणि शाफ्ट मोठा येत असेल तर थेट इथे या.

क्वालिफाय करताना मशीन स्वतः टिपचा व्यास मोजत नाही. ते बॉलभोवती टिपचं केंद्र कसं फिरलं ते बघतं, आणि त्या मापातून तुम्ही टाइप केलेला बॉलचा व्यास वजा करतं. जे उरतं तो टिपचा व्यास. म्हणजे बॉलचा आकडा तुम्ही जास्त टाकला तर टिप तेवढीच लहान निघते. बोअर मोजताना टिपचा व्यास मिळवला जातो, म्हणून बोअर तेवढा लहान दिसतो. शाफ्टमध्ये तो वजा होतो, म्हणून शाफ्ट तेवढाच मोठा. दोन बोअरच्या केंद्रांमधलं अंतर मात्र बरोबरच येतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

आमच्याकडे असं झालं होतं. जुना बॉल पडून खरवडला, नवा सिरॅमिकचा आला. दाखल्यावर व्यास होता २४.९९४२. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या बॉलचा २५.०००० तसाच राहिला. फरक ५.८ मायक्रॉन. स्टँडर्ड डेव्हिएशन होतं ०.०००९, त्यामुळे सगळे निर्धास्त. ६२ एच७ चा बोअर, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. खरा ६२.०३२ असलेला बोअर मशीन ६२.०२६ दाखवत होतं. बाद व्हायचा जॉब पास होत होता. पत्ता लागला तो ५० मि.मी.च्या रिंग गेजवर: दाखला ५०.००१२, मशीन म्हणतं ४९.९९५४. फरक बरोबर ५.८. मग प्लग गेज मोजलं, तर तो तेवढाच मोठा. दोन्हीकडे उलट दिशेला सारखीच चूक दिसली की बॉलचा व्यास सोडून दुसरीकडे बघायची गरजच उरली नाही.

इथे एक सोपी खूण आहे. टच-ट्रिगर प्रोबमध्ये स्पर्श झाल्यावर सिग्नल येईपर्यंत स्टायलस थोडा वाकतो आणि मशीन थोडं पुढे जातं. त्यामुळे निघालेला व्यास रुबीच्या छापील व्यासापेक्षा थोडा लहान असतो. ३ मि.मी.ची टिप २.९९ च्या आसपास किंवा त्याहून थोडी खाली दिसली तर घाबरायचं कारण नाही. ३.००४ दिसली तर मात्र थांबा: बॉलचा आकडा कमी टाकलाय, किंवा कुठेतरी घाण आहे, किंवा लावलेली टिप वेगळीच आहे.

याच कारणाने वेगही सारखा हवा. क्वालिफाय एका स्पर्शवेगाने आणि जॉब दुसऱ्या वेगाने मोजला तर वाकणं बदलतं, आणि क्वालिफाय करताना काढलेला व्यास जॉबला लागू पडत नाही. प्रोग्रॅम उरकावा म्हणून सेकंड शिफ्टला वेग वाढवणारे महाभाग सगळीकडे असतात. वेग वाढवायचा असेल तर खुशाल वाढवा, पण त्याच वेगाने पुन्हा क्वालिफाय करा.

"बॉल हलवला आहे का?"

क्वालिफाय सुरू करताना सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारतं. माझ्या मते सगळ्यात जास्त जॉब या एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने बाद झालेत.

प्रकरण असं. कास्ट आयर्नचं गिअरबॉक्स हाउसिंग, समोरासमोर ६२ एच७ चे दोन बोअर, कोॲक्सिअलिटीची, म्हणजे दोघांचे अक्ष एका रेषेत असण्याची, हद्द ०.०४. डावा बोअर हेड एका बाजूला आडवं वळवून `A90B90` अँगलने, उजवा उलट बाजूला वळवून `A90B-90` ने. सोमवारपर्यंत कोॲक्सिअलिटी ०.०१२ यायची. मंगळवारी सेकंड शिफ्टपासून प्रत्येक जॉबला ०.०५ ते ०.०६५. मशीन शॉपने फिक्स्चर खोललं, पुन्हा बसवलं, डायल फिरवला, आणखी तीन जॉब काढले. फरक पडला नाही. या दोन आणि सरळ खाली असलेली `A0B0`, अशा तिन्ही टिपांचं स्टँडर्ड डेव्हिएशन बघितलं तर ०.००१२ च्या आत.

मी जॉब उतरवला, मास्टर बॉल लावला आणि कुठलंही क्वालिफिकेशन न करता तिन्ही अँगलने बॉल साध्या गोलासारखा मोजला. एकच बॉल आहे, न हलवता मोजलाय, म्हणजे केंद्र तिन्ही वेळा एकाच जागी यायला हवं. `A0B0` चं केंद्र शून्य धरलं. `A90B90` चं केंद्र दोन मायक्रॉनच्या आत आलं. `A90B-90` चं मात्र वायमध्ये ०.०२७ आणि झेडमध्ये ०.०११ सरकलेलं होतं. बोअरचा अक्ष एक्समध्ये, म्हणजे हे दोन्ही फरक आडवे. दोघांचा मिळून फरक ०.०२९, आणि कोॲक्सिअलिटी त्याच्या दुप्पट धरतात, म्हणजे ०.०५८. त्यात जॉबचा स्वतःचा ०.०१२ कमी-जास्त मिसळला की ०.०५ ते ०.०६५ चा हिशोब जुळतो. जॉब निर्दोष होता.

झालं काय होतं, तर मंगळवारी सकाळी पूर्ण यादी क्वालिफाय केली तेव्हा `A90B-90` चा आकडा थोडा मोठा आला. "नंतर बघू" म्हणून सोडून दिला. मधे मोठं फिक्स्चर ठेवायला जागा हवी म्हणून बॉल काढला, आणि नंतर त्याच भोकात परत आवळला. दुपारी फक्त ती एक टिप पुन्हा केली. बॉल हलवला का? त्याच भोकात तर आहे, म्हणून उत्तर दिलं "नाही". पण आट्यात परत आवळलेला बॉल मायक्रॉनच्या हिशोबात त्याच जागी बसत नाही. सॉफ्टवेअरने बॉल जुन्याच जागी धरला आणि बॉलचं सरकणं त्या टिपच्या खात्यावर टाकलं.

त्यानंतर हाच प्रकार आणखी दोनदा झाला, वेगळ्या माणसांकडून. त्यामुळे आता आमच्याकडे नियम आहे: बॉल काढला, कुणाचा धक्का लागला किंवा मशीन बंद करून परत होम केलं, तर उत्तर "हो". आणि मग एकच टिप करायची नाही. `A0B0` आधी, त्यानंतर त्या जॉबला लागणाऱ्या सगळ्या टिपा, एका दमात, मधे बॉलला हात न लावता. संपलं की प्रत्येक टिपने बॉल मोजून केंद्रं ताडून बघायची. तीन टिपांना चार मिनिटं जास्त लागतात. जॉबच्या टॉलरन्सच्या दहाव्या भागापेक्षा केंद्रं जास्त सरकलेली दिसली तर मी जॉब लावत नाही. ही आमची घरची हद्द आहे, कुठल्या मानकातली नव्हे.

त्याच पानावर बॉलच्या दांड्याची दिशाही बघून घ्या. दांडा सरळ वर आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तिरका टाकलाय, किंवा उलट, तर आडव्या अँगलला रुबीऐवजी स्टायलसची काडी बॉलला किंवा दांड्याला टेकते. बिंदू नोंदला जातो, आकडा बिघडतो. अशा वेळी फेरी चालू असताना वाकून डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

पैसे लागणारे उपाय

इथपर्यंत खर्च अल्कोहोलचा. अजून स्टँडर्ड डेव्हिएशन खाली येत नसेल तर स्टायलस बदलून बघा. आधी आखूड लावा. ५० मि.मी.च्या स्टायलसने ०.००५ येत असेल आणि २० मि.मी.च्या नव्या स्टायलसने ०.००१ येत असेल, तर प्रोब बरा आहे, तुमची काडी तरी लांब आहे किंवा रुबीचा जोड सुटतोय. लांबीशिवाय पर्याय नसेल तर जाड काडी घ्या आणि जोड कमी करा. दोन एक्स्टेन्शन जोडण्यापेक्षा एक लांब बरं.

आखूड नव्या स्टायलसनेही फरक नाही पडला तर मॉड्यूल बदलून बघा. एक सुटं मॉड्यूल कपाटात असावं, ते नुसतं तपासायलासुद्धा उपयोगी पडतं. मॉड्यूल थकल्याची खूण बिंदूंमध्ये दिसते. या प्रोबची मूळ कल्पना १९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्डच्या ऑलिंपस इंजिनातल्या इंधननळ्या मोजण्यासाठी काढली. आत तीन जागी टेकलेली बैठक असते. तीनच आधार असल्यामुळे प्रोब काही दिशांना लवकर सुटतो आणि काहींना उशिरा, आणि बॉलभोवतीचा फरक तीन पाकळ्यांचा दिसतो. थोड्या पाकळ्या चांगल्या मॉड्यूललाही असतात. त्या महिन्यागणिक फुगत गेल्या तर बैठक झिजली असं समजा. आमचं मॉड्यूल नवं असताना आलेला आकडा मी झाकणाच्या आत चिकटवून ठेवलाय. त्याच्या दुप्पट झाला की मॉड्यूल बाजूला.

तापमानाबद्दल थोडंच सांगतो, कारण लोक सगळं खापर त्याच्यावर फोडतात. २५ मि.मी.च्या बॉलवर एक-दोन अंशांनी काही होत नाही. पण १०० मि.मी.चं स्टीलचं एक्स्टेन्शन दोन अंशांनी तापलं तर सव्वादोन मायक्रॉनच्या वर वाढतं, आणि तेवढी टिप सरकते. हातात धरून आवळलं, लगेच क्वालिफाय केलं आणि तासाभराने जॉब लावला, तर तो फरक मापात उतरतो. स्टायलस बदलल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

इथे हात काढून घ्या

नवा स्टायलस, चांगलं मॉड्यूल, घट्ट बॉल, बरोबर व्यास, आणि तरीही रिंग गेज चुकतंय, तर आता आपलं काम संपलं. रिंग गेज टेबलावर तीन ठिकाणी मोजून बघा. जागा बदलली की माप बदलत असेल तर दोष प्रोबचा नसून मशीनच्या भूमितीचा किंवा एअर बेअरिंगचा आहे. तसंच हेड एका अँगलला जाऊन परत आल्यावर केंद्र दर वेळी वेगळ्या जागी येत असेल, हेड लॉक होताना आवाज बदलला असेल, किंवा हेडला जोरात धडक बसली असेल, तर खोलू नका. सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. सॉफ्टवेअरमधले कॉम्पेन्सेशनचे आकडे हाताने बदलून माप "जुळवणं" तर अजिबात नको. तसं केल्यावर खरा दोष शोधायला येणाऱ्याचा दिवस जातो, आणि तोवर मोजलेल्या प्रत्येक जॉबबद्दल ग्राहकाला काय सांगायचं हा प्रश्न उभा राहतो.

बॉलवर नखाला लागेल असा ओरखडा असेल किंवा दाखल्याची मुदत संपली असेल तर बॉल मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबकडे पाठवा, स्वतः पॉलिश करू नका. परत आला की दाखल्यावरचा नवा व्यास आधी टाइप करायचा, मग बॉल टेबलावर लावायचा.

सर्व्हिसवाल्याला फोन करताना तीन कागद हाताशी ठेवा: एकाच टिपच्या लागोपाठ तीन क्वालिफिकेशनचे सगळे बिंदू, प्रत्येक अँगलने मोजलेली बॉलची केंद्रं, आणि रिंग गेजची तीन ठिकाणची मापं. "आकडा बरोबर येत नाही" एवढंच सांगितलं तर तोही पहिल्यांदा अल्कोहोलचं कापडच काढेल, आणि त्याच्या व्हिजिटचं बिल आपल्याला पडेल.